गाळ्याच्या भाड्यावर जीएसटी: भाडेकरूला पत्र कसे लिहावे

पुण्यातल्या एका गाळामालकाचे उदाहरण घेऊ. एक गाळा इलेक्ट्रिकल सामानाच्या दुकानाला महिना 1,00,000 रुपयांनी दिलेला, दुसरा डॉक्टरांच्या दवाखान्याला 50,000 रुपयांनी, आणि वरचा फ्लॅट एका कुटुंबाला राहण्यासाठी 40,000 रुपयांनी. दोन्ही गाळ्यांचे वर्षाचे भाडे 18 लाख होते. जीएसटी नोंदणीची मर्यादा 20 लाखांची, म्हणून मालक निर्धास्त. पण ही मर्यादा मोजताना करमाफ उत्पन्नही धरतात. राहत्या फ्लॅटच्या भाड्यावर कर नसला तरी त्याचे 4.80 लाख बेरजेत येतात आणि आकडा 22.80 लाखांवर जातो. दरमहा 1.90 लाखांच्या हिशेबाने एप्रिलपासून मोजले, तर फेब्रुवारीत मर्यादा ओलांडली जाते. तिथून 30 दिवसांत नोंदणीचा अर्ज करावा लागतो.

नंबर मिळाल्यावर दोन्ही भाडेकरूंना पत्र जायला हवे. पत्र साधेच असते. ‘सप्रेम नमस्कार. आपल्याकडे भाड्याने असलेल्या अमुक गाळ्याच्या भाड्यावर अमुक तारखेपासून 18 टक्के जीएसटी लागू होत आहे. आमचा जीएसटी नंबर सोबत दिला आहे. कृपया आपला जीएसटी नंबर, नोंदणीतील नाव व प्रमाणपत्राची प्रत पुढील बिलापूर्वी पाठवावी. नोंदणी नसल्यास तसे लेखी कळवावे.’

यातली तारीख सर्वांत महत्त्वाची. 10 ऑक्टोबर 2024पासून नियम असा आहे की मालक नोंदणीकृत नसेल आणि व्यापारी गाळ्याचा भाडेकरू नोंदणीकृत असेल, तर भाड्यावरचा कर भाडेकरूने स्वतः भरायचा. याला रिव्हर्स चार्ज म्हणतात. कंपोझिशन योजनेतले भाडेकरू त्यातून वगळले आहेत. म्हणजे आपला इलेक्ट्रिकलवाला हा कर आधीपासूनच भरत असणार. मालकाची नोंदणी लागू झाली की ती जबाबदारी मालकाकडे येते. पत्रात तारीख नसेल, तर एकाच महिन्याचा कर दोघेही भरून बसतात. म्हणून प्रमाणपत्रावर नोंदणी ज्या दिवसापासून लागू आहे, तीच तारीख पत्रात लिहावी.

नवे बिल असे होईल: भाडे 1,00,000, केंद्राचा जीएसटी 9,000, राज्याचा 9,000, एकूण 1,18,000. जीएसटी वेगळा दाखवला असेल, तर आयकराचा टीडीएस मूळ भाड्यावरच कापतात. 10 टक्क्यांनी 10,000 कापून मालकाच्या खात्यात 1,08,000 येतील. दुकानदार हे 18,000 इनपुट क्रेडिट म्हणून आपल्या विक्रीवरच्या करातून वळते करतो, त्यामुळे त्याच्या खिशाला झळ बसत नाही.

मात्र त्यासाठी बिलावर त्याचा नंबर बरोबर हवा. नंबर नसेल तर मालकाच्या विवरणपत्रात ते बिल बिननोंदणी ग्राहकाचे म्हणून जाते आणि दुकानदाराच्या GSTR-2B मध्ये दिसतच नाही. चूक दुरुस्त करता येते, पण आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंतच. जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्रासाठी 27. पुढची दहा अक्षरे पॅनची. भाडेकरू कंपनीने बेंगळुरूच्या मुख्य कार्यालयाचा 29ने सुरू होणारा नंबर दिला, तर पुण्याच्या गाळ्यावर घेतलेल्या महाराष्ट्राच्या कराचे क्रेडिट तिला मिळत नाही. आलेला नंबर gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये टाकून नाव जुळते का आणि नोंदणी Active आहे का, हे पाहून घ्यावे.

खरी अडचण दवाखान्याची. वैद्यकीय सेवा करमुक्त असल्याने या डॉक्टरांनी नोंदणी केलेली नाही. त्यामुळे रिव्हर्स चार्ज त्यांना कधी लागला नाही आणि क्रेडिटही मिळणार नाही. दरमहा 9,000 रुपये हा त्यांच्यासाठी निव्वळ वाढीव खर्च आहे. साहजिकच ते लीव्ह अँड लायसन्सचा करार काढून विचारतील, ‘यात कर कुठे लिहिलाय?’

करारात ‘भाडे अधिक लागू कर’ असे कलम असेल, तर पत्रात त्याचा उल्लेख करावा. ते नसेल आणि डॉक्टरांनी जादा पैसे द्यायला नकार दिला, तरी सरकारला कर द्यायची जबाबदारी मालकाचीच राहते. मग 50,000 ही रक्कम करासह धरून हिशेब होतो: त्यातले सुमारे 7,627 रुपये कराचे आणि मालकाच्या हाती भाडे उरते सुमारे 42,373. अशा भाडेकरूकडे पत्र पाठवण्याआधी स्वतः जाऊन बोललेले बरे. चालू मुदतीत बोजा वाटून घ्यायचा की भाडे थोडे कमी करून कर वेगळा लावायचा, हे ठरवून पुरवणी करार करावा. तोंडी ठरलेले पुढच्या नूतनीकरणापर्यंत दोघांनाही वेगवेगळे आठवते.