भोवऱ्यांची उतरंड कुठे संपते?

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकुव्हर बेट आणि क्वाड्रा बेट यांच्यामध्ये डिस्कव्हरी पॅसेज नावाची सामुद्रधुनी आहे. भरती-ओहोटीचे पाणी या चिंचोळ्या वाटेने रोज उलटसुलट धावते. तिच्या सर्वांत अरुंद भागात, सीमूर नॅरोजमध्ये, प्रवाहाचा वेग १५ नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी २७-२८ किलोमीटरपर्यंत जातो. तिथे पाण्याखाली दडलेल्या रिपल रॉक या खडकाने इतक्या बोटी बुडवल्या की ५ एप्रिल १९५८ रोजी तो सुरुंग लावून उडवावा लागला.

खलाशांना धडकी भरवणारे हे पाणी काही शास्त्रज्ञांना मात्र हवेच होते. एच. एल. ग्रँट, आर. डब्ल्यू. स्टुअर्ट आणि ए. मॉइलिए यांनी या सामुद्रधुनीत जहाजावरून एक बारीक संवेदक पाण्यात सोडला आणि पाण्याचा वेग क्षणाक्षणाला कसा बदलतो ते नोंदवले. त्यांचा निबंध १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना तपासायचे होते ते सोव्हिएत गणिती आंद्रेई कोल्मोगोरोव यांनी १९४१ मध्ये केलेले एक भाकीत. खवळलेल्या पाण्यात मोठ्या भोवऱ्यांच्या पोटात लहान भोवरे असतात, त्यांच्या पोटात आणखी लहान. ही मालिका कुठे तरी थांबते, आणि ती कुठे थांबते हे आधीच सांगता येते, असे कोल्मोगोरोव यांचे म्हणणे होते.

भोवऱ्यांच्या या उतरंडीची कल्पना त्यांच्याही आधीची. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ मध्ये हवामानाच्या गणितावर लिहिलेल्या पुस्तकात ती मांडली होती. प्रवाहाकडून ऊर्जा मिळते ती फक्त सर्वांत मोठ्या भोवऱ्यांना. ते अस्थिर असतात. ते फुटतात आणि आपली ऊर्जा लहान भोवऱ्यांच्या हवाली करतात, ते आणखी लहानांच्या. शेवटी भोवरे इतके लहान होतात की पाण्याची श्यानता, म्हणजे एका थराने शेजारच्या थराला धरून ठेवण्याचा गुण, त्यांना फुटू देत नाही. तिथे हालचाल संपते आणि ऊर्जेची उष्णता होते.

श्यानता तर पाण्यात सगळीकडे असते. मग ती मोठ्या भोवऱ्याला का आवरत नाही? उत्तर आकड्यांत फार स्पष्ट दिसते. डिस्कव्हरी पॅसेजसारख्या ठिकाणी खोली १०० मीटरच्या घरात आहे, म्हणून सर्वांत मोठा भोवराही ढोबळमानाने १०० मीटरचा धरू. मुख्य प्रवाह सेकंदाला दोनेक मीटरने वाहत असेल, तर त्यातला खळबळीचा वेग साधारण त्याच्या दहाव्या हिश्शाचा असतो, म्हणजे सेकंदाला ०.२ मीटर. एवढ्या वेगाने १०० मीटर पार करायला ५०० सेकंद लागतात, आणि साधारण तेवढ्याच वेळात, आठ-नऊ मिनिटांत, हा भोवरा मोडतो. श्यानतेला मात्र हाच भोवरा एकटीने शमवायचा झाला तर किती वेळ लागेल? आकाराचा वर्ग करून त्याला श्यानतेने भागले की तो वेळ मिळतो. गार समुद्राच्या पाण्याची श्यानता सेकंदाला सुमारे ०.०००००१४ चौरस मीटर. उत्तर येते सात अब्ज सेकंद, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे! आठ मिनिटांत मोडणाऱ्या भोवऱ्याला दोनशे वर्षांचा ब्रेक लावून उपयोग नाही.

भोवरा लहान होत जातो तसे हे दोन्ही वेळ कमी होतात, पण सारख्या गतीने नाही. आकार निम्मा झाला की श्यानतेला लागणारा वेळ चौथ्या हिश्शावर येतो. फुटायला लागणारा वेळ त्यामानाने हळू घटतो. म्हणजे उतरंड उतरताना श्यानता मागून येऊन फरक भरून काढत असते, आणि एका ठराविक आकाराला दोन्ही वेळ सारखे होतात. तोच आकार शोधायचा आहे.

कोल्मोगोरोव यांनी तो शोधताना पाण्याच्या गतीची अवघड समीकरणे सोडवलीच नाहीत. त्यांनी विचारले की सर्वांत लहान भोवऱ्याला जगाबद्दल काय माहीत असते? सामुद्रधुनी किती खोल आहे, किनारा कसा आहे, भरती आहे की ओहोटी, हे सगळे इतक्या पायऱ्या उतरून येईपर्यंत पुसले गेलेले असते. त्याच्यापर्यंत दोनच गोष्टी पोहोचतात. एक, वरून दर सेकंदाला किलोमागे किती ऊर्जा येते, ज्याला ε म्हणतात. दुसरी, पाण्याची श्यानता, ν. आता फक्त एकके जुळवायची. श्यानतेचे एकक आहे मीटर वर्ग भागिले सेकंद, आणि ऊर्जेच्या दराचे मीटर वर्ग भागिले सेकंद घन. श्यानतेचा घन करून ऊर्जेच्या दराने भागले की सेकंद उडून जातात आणि मीटरचा चौथा घात उरतो. त्याचे चतुर्थमूळ घेतले की लांबी मिळते:

η = (ν³/ε)^(1/4)

या दोन राशींपासून लांबी बनवण्याचा दुसरा मार्गच नाही. हा युक्तिवाद प्रथम वाचताना हातचलाखी वाटते, पण त्याची सगळी ताकद ‘लहान भोवऱ्याला दोनच गोष्टी माहीत असतात’ या गृहीतकात आहे, आणि ते गृहीतक प्रयोगाने तपासता येते.

आपल्या सामुद्रधुनीसाठी हे गणित करून पाहू. ऊर्जेचा दर मोजण्याची सोपी रीत जी. आय. टेलर यांनी १९३५ मध्ये दिली होती: मोठ्या भोवऱ्याच्या वेगाचा घन भागिले त्याचा आकार. ०.२ चा घन ०.००८, त्याला १०० ने भागले की ०.००००८ वॉट दर किलोला. ही ऊर्जा इतकी थोडी आहे की तिने पाणी दिवसभरात एका अंशाच्या सुमारे पाचशेव्या भागाइतकेच तापते. आता श्यानतेचा घन करून या आकड्याने भागा आणि चतुर्थमूळ घ्या. उत्तर येते ०.४ मिलिमीटर. एवढ्या आकाराच्या हालचालीचा वेग सेकंदाला तीनेक मिलिमीटर निघतो आणि तिचे आयुष्य सेकंदाच्या आठव्या हिश्शाएवढे. श्यानतेला ०.४ मिलिमीटरची हालचाल शमवायला लागणारा वेळही तेवढाच आहे. दोन्ही वेळ जुळले.

शंभर मीटरपासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा हा प्रवास प्रत्येक पायरीला आकार निम्मा होतो असे धरले तर जेमतेम अठरा पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी आठ-नऊ मिनिटांची, पुढची प्रत्येक आधीच्या साधारण दोन-तृतीयांश वेळाची. सगळ्यांची बेरीज वीस-पंचवीस मिनिटे. म्हणजे शंभर मीटरच्या उलथापालथीतली ऊर्जा अर्ध्या तासाच्या आतच केसभर हालचालीत विरून गेलेली असते.

खळबळीचा वेग प्रवाहाच्या दहावा हिस्सा धरला तो चुकला असेल तर? इथे चतुर्थमूळ मदतीला येते. ऊर्जेचा दर दहापट चुकला तरी η दुपटीनेही चुकत नाही. म्हणून अशा प्रश्नाला ढोबळ अंदाज पुरतो. ग्रँट आणि सहकाऱ्यांना सर्वांत खळबळत्या पाण्यात ऊर्जेचा दर किलोमागे ०.०००१ वॉटच्या आसपास आढळला होता, आणि आपला अंदाज त्याला लागूनच आहे.

त्यांचे मोजमाप मात्र ढोबळ असून चालणार नव्हते. संवेदकाच्या टोकावर धातूचा पातळ पापुद्रा होता, तो विजेने तापवून ठेवलेला. पाणी वेगाने गेले की तो जास्त थंड होतो, आणि त्यावरून वेग कळतो. पाणी सेकंदाला दीड मीटरने जात असेल तर एक सेंटिमीटरची हालचाल टोकावरून सेकंदाच्या शंभराव्या भागाहून कमी वेळात निघून जाते. संवेदक जाडा असेल तर लहान भोवरे त्याच्या रुंदीत सरासरीने मिटून जातात, आणि उतरंड खरोखरच संपली की उपकरण आंधळे झाले हे कळत नाही. उलट बाजूला जहाजाची थरथर आणि विजेच्या मंडलातला गोंगाट असतो, आणि तो नसलेले भोवरे दाखवतो.

त्यातून हाती आलेले चित्र कोल्मोगोरोव यांच्या बाजूचे होते. प्रत्येक पायरीवरून सारखीच ऊर्जा उतरत असेल तर आकार आठपट लहान झाल्यावर वेग निम्मा व्हायला हवा, आणि एका मोठ्या पल्ल्यात तो तसाच घटत होता. पल्ला संपल्यावर श्यानतेचा भाग आला, तिथे वेग झपाट्याने कोसळला. एककांच्या गणितातून न मिळणारा एक स्थिरांकही याच प्रयोगाने दिला. त्यांनी तो ०.४७ काढला, आणि आजही तो ०.५ च्या आसपासच मानतात.

इथे एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. η म्हणजे सर्वांत लहान भोवऱ्याचा नेमका व्यास नव्हे. ती मोजपट्टी आहे. ऊर्जेची उष्णता होण्याचे काम सर्वांत जोरात चालते ते याच्या वीस-तीस पट लांबीच्या हालचालींत, म्हणजे आपल्या पाण्यात सेंटिमीटरभर आकाराला. η इतक्या लहान आकाराला हालचाल जवळजवळ उरलेलीच नसते. पाठ्यपुस्तकातून घाईने उचललेल्या आकड्यात ही गफलत वारंवार दिसते.

दुसरी अडचण खोलवरची आहे आणि ती लेव्ह लांडाऊ यांनी लवकरच दाखवून दिली. ऊर्जा सगळीकडे सारख्या दराने विरत नाही. पाण्याच्या एका कोपऱ्यात ती सरासरीच्या शंभरपट वेगाने विरते, तर शेजारी सारे शांत असते. कोल्मोगोरोव यांनी हे मान्य केले आणि १९६१ मध्ये मार्सेच्या परिषदेत सुधारित मांडणी केली. त्याच परिषदेत स्टुअर्ट यांनी सामुद्रधुनीतली मोजमापे सांगितली. शंभरपट ऊर्जेच्या कोपऱ्यात η तिपटीने लहान होते, म्हणून ढोबळ अंदाज टिकून राहतो. पण भोवऱ्यांची ही विषम वाटणी नेमकी कशी ठरते, याचे मूळ समीकरणांतून निघालेले पूर्ण उत्तर अजून नाही.

संगणकाने हे सगळे थेट सोडवायचे तर प्रत्येक दिशेला शंभर मीटर भागिले ०.४ मिलिमीटर, म्हणजे अडीच लाख बिंदू लागतील. तिन्ही दिशा मिळून ही संख्या १ वर १६ शून्ये याहूनही मोठी होते, आणि तीही एका शंभर मीटरच्या घनासाठी. हवेत η साधारण एक मिलिमीटर असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेल्या आणि मे २०२५ पासून वापरात आलेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’चे जाळे ६ किलोमीटरचे आहे. सहा किलोमीटर आणि एक मिलिमीटर यांच्यामधल्या बावीस-तेवीस पायऱ्या संगणक मोजत नाही. त्या पायऱ्यांवरून किती ऊर्जा, उष्णता आणि बाष्प खाली उतरते हे सूत्रांनी अंदाजून प्रत्येक चौकटीत भरावे लागते.