बॅटरीचा लाल दिवा लागल्यावर

रात्री गाडी चालवताना समोरचा बॅटरीचा लाल दिवा लागला आणि हेडलाइट मंदावू लागले, की आपण बॅटरीला दोष देतो. पण बहुधा अल्टरनेटर वीज देईनासा झालेला असतो व सारा भार एकट्या बॅटरीवर येतो. समजा, ती ४५ अँपिअर-अवरची आहे. दोन हेडलाइटच सुमारे ९ अँपिअर खातात. इंजिन व इतर दिवे धरून २० होतात. हिशेबाने दोन तास भरतात खरे. पण व्होल्टेज आधीच उतरते, म्हणून आम्ही अर्धा तासच धरतो.

एसी, पंखा, रेडिओ बंद करावा. हेडलाइट मात्र चालूच ठेवावेत. रस्ता दिसेनासा होण्याआधी उजेडाची जागा गाठावी. वाटेत इंजिन बंद करू नये, पुन्हा सुरू होण्याचा भरवसा नसतो.

तापमानाचा काटाही चढू लागला तर पट्टा तुटला असावा. पुष्कळ गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंप फिरवतो. अशा वेळी मात्र लगेच कडेला थांबून इंजिन बंद करावे, धोक्याचे दिवे लावावेत आणि सर्वांनी उतरून रस्त्यापासून दूर उभे राहावे.

चालू इंजिनात बॅटरीची तार काढून पाहण्याची जुनी युक्ती आजच्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक भाग जाळू शकते. त्यापेक्षा मेकॅनिककडून मीटर लावून घ्यावा: इंजिन चालू असता साधारण १४ व्होल्ट हवेत, १२ च्या आसपास राहून उतरत असतील तर चार्जिंग होत नाही.