अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो

मंगलाष्टकं चालू असतात तेव्हा मुलीकडची माणसं मुलीच्या मागे उभी असतात आणि मुलाकडची मुलाच्या. अंतरपाट मध्ये. आमच्या भाचीच्या लग्नात माझ्या फोनमध्ये तिचा चेहरा आला, खाली घातलेली मान आणि ओंजळीतल्या अक्षता. नवऱ्या मुलाचा चेहरा त्या क्षणी कसा होता, हे आमच्याकडच्या एकाही फोनमध्ये नव्हतं. तो होता त्याच्या आत्याच्या फोनमध्ये. तिच्याकडे आमची मुलगी नव्हती. फोटोग्राफर एका वेळी एकाच बाजूला उभा राहू शकतो आणि तो बाजू बदलेपर्यंत अंतरपाट दूर झालेला असतो.

दोन्ही घरांतल्या माणसांनी एकाच अल्बममध्ये फोटो टाकले आणि ते वेळेच्या क्रमाने लागले, तर हे दोन चेहरे शेजारी-शेजारी येतात. आम्ही गूगल फोटोजवर तसा अल्बम केला. करणं सोपं होतं, टिकवणं मात्र आम्हाला चुका करत शिकावं लागलं.

अल्बम लग्नाच्या आठवडाभर आधी करावा, हॉलवर नव्हे. अ‍ॅपमध्ये नवा अल्बम तयार करायचा, त्याला दोघांच्या नावाने शीर्षक द्यायचं आणि पहिला फोटो म्हणून लग्नपत्रिका टाकायची, म्हणजे उघडणाऱ्याला आपण योग्य जागी आलो हे कळतं. मग शेअरच्या पर्यायांत जाऊन `Collaborate` चालू आहे ना हे बघायचं. हे बंद राहिलं तर नातेवाईक अल्बम नुसता बघू शकतात, त्यांना त्यात काही टाकता येत नाही. त्यानंतर लिंक तयार करून ती दोन्हीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवायची. लिंकवरून फोटो कुणालाही बघता येतात, पण टाकण्यासाठी गूगल खातं लागतं. अँड्रॉइड फोनवर ते बहुतेकांचं असतंच. आयफोनवाल्यांना गूगल फोटोज अ‍ॅप घ्यावं लागतं.

आयफोनचा स्वतःचा सामायिक अल्बमही आहे आणि तो सुरेख चालतो, पण फक्त आयफोनवाल्यांत. अँड्रॉइडवाल्याला तो फार तर वेबपानासारखा बघता येतो, त्यात फोटो घालता येत नाहीत. शिवाय त्यात फोटोची लांब बाजू साधारण २,०४८ पिक्सेलपर्यंत लहान होते. मोठा फोटो छापून भिंतीवर लावायचा असेल, तर हे लक्षात ठेवायला हवं. लग्नघरात दोन्ही प्रकारचे फोन असतात, म्हणून आम्ही गूगलचा अल्बम निवडला.

मेंदीच्या दिवशी मी प्रत्येकाला सांगितलं, "आपल्या मेंदीचा एक फोटो आत्ता माझ्यासमोर अल्बममध्ये टाका." कोणाला पासवर्ड आठवत नव्हता, कोणाचं खातं मुलाच्या नावावर होतं, कोणाच्या फोनला फोटो बघायची परवानगीच दिलेली नव्हती. ही सगळी गाठोडी मेंदीच्या संध्याकाळी सुटली. लग्नाच्या दिवशी पंगतीत बसलेल्या काकांचा फोन घेऊन ती सोडवत बसणं शक्य झालं नसतं.

एक सवय मात्र आम्हाला मोडता आली नाही. फोटो काढला की आधी व्हॉट्सअ‍ॅपवर जायचा आणि मग दुसरंच कोणी तरी तो तिथून उचलून अल्बममध्ये टाकायचं. असा फोटो दोनदा मार खातो. पाठवताना तो आकाराने लहान होतो, शिवाय कॅमेऱ्याने फोटोच्या पोटात नोंदवलेली तारीख-वेळही गळून पडते. अल्बममध्ये `IMG-20250216-WA0034` असं `WA` असलेलं नाव दिसलं की समजायचं, हा व्हॉट्सअ‍ॅपच्या वाटेने आलेला आहे. नावातली तारीख तो पाठवल्याची असते, काढल्याची नव्हे. आदल्या दिवशीची हळद दुसऱ्या दिवशी पाठवली, तर क्रमाने लावलेल्या अल्बममध्ये हळद सप्तपदीच्या मागे जाऊन बसते. फोटो ज्याने काढला त्यानेच आपल्या फोनमधून थेट टाकायचा, हा म्हणून आमच्या अल्बमचा एकमेव नियम होता. ज्यांना ते जमतच नव्हतं, त्यांना फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगितलं. तसा पाठवला की मूळ फाइल जशीच्या तशी येते.

घड्याळाचा आणखी एक घोळ निघाला तो फोटोग्राफरच्या फोटोंत. त्याने पेनड्राइव्ह दिला, आम्ही फोटो चढवले आणि बघतो तर मुहूर्ताचे फोटो सकाळी ६ वाजून ४७ मिनिटांचे! मुहूर्त होता दुपारी १२ वाजून १७ मिनिटांचा. फरक बरोबर साडेपाच तासांचा. कॅमेऱ्याचं घड्याळ ग्रीनिच वेळेवर राहिलं होतं. त्यामुळे अल्बममध्ये नवरी आधी बोहल्यावर दिसत होती आणि नंतर नाकात नथ घालताना.

याला उपाय आहे, पण तो संगणकावर `photos.google.com` उघडूनच करावा. त्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो एकदम निवडायचे, तीन टिंबांच्या यादीतून `Edit date & time` घ्यायचं आणि त्यात सगळ्यांना एकच वेळ न देता वेळ पुढे सरकवण्याचा पर्याय निवडायचा. पहिल्या फोटोची वेळ साडेपाच तास पुढे केली की बाकीचे तेवढेच सरकतात, त्यांच्यातलं आपसातलं अंतर कायम राहतं. सगळ्यांना एकच वेळ दिली तर शेकडो फोटो एका मिनिटात गोळा होतात आणि क्रम बिघडतो. ही दुरुस्ती फक्त स्वतःच्या खात्यातल्या फोटोंवर करता येते. म्हणून फोटोग्राफरचे फोटो आधी आपल्या खात्यात चढवावेत, वेळ सुधारावी आणि मगच अल्बममध्ये घालावेत. घड्याळ किती चुकलंय हे ओळखायला दोन कॅमेऱ्यांत सापडलेला एकच क्षण शोधायचा. आम्ही अंतरपाट दूर झाल्याचा क्षण धरला.

आता मुख्य गोष्ट, जी बहुतेकांना माहीत नसते. सामायिक अल्बम म्हणजे सगळ्यांनी पैसे टाकलेली एक पेटी, असं आपल्याला वाटतं. तो तसा नसतो. प्रत्येक फोटो टाकणाऱ्याच्याच खात्यात राहतो, त्याच्याच जागेत मोजला जातो, अल्बममध्ये तो फक्त दिसतो. टाकणाऱ्याने आपल्या खात्यातून तो पुसला की अल्बममधूनही जातो. टाकणारा अल्बम सोडून गेला, तर त्याचे सगळे फोटो त्याच्याबरोबर जातात.

आमच्याकडे नेमकं तेच झालं. लग्नाला तीन आठवडे झाले होते. बहीण म्हणाली, "अगं, हळदीत आत्याबाई दिसतच नाहीत. तेल घालतानाचे फोटो कुठे गेले?" हळदीचे जवळपास पावणेदोनशे फोटो नाहीसे झालेले. हळद टिपली होती भाचीच्या आतेभावाने. त्याचा फोन भरला, परीक्षेच्या नोट्ससाठी जागा हवी होती, म्हणून त्याने अ‍ॅपमध्ये फोटो निवडून `Delete` दाबलं. त्याचं म्हणणं साधं होतं, "अल्बममध्ये आहेतच ना मावशी!" पोराची यात काही चूक नव्हती, आम्हीच कोणाला सांगितलं नव्हतं.

फोटो परत मिळाले, कारण बॅकअप झालेला फोटो पुसल्यावर ६० दिवस कचरापेटीत राहतो आणि तिथून परत घेतला की आपल्या अल्बममध्ये पुन्हा जाऊन बसतो. आम्ही बाविसाव्या दिवशी होतो. फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर त्याच अ‍ॅपमध्ये `Free up space` असतं. बॅकअप झालेल्या फोटोंच्या फोनमधल्या प्रती त्याने जातात, खात्यातल्या राहतात आणि अल्बमला धक्का लागत नाही. हा एक फरक लग्नाच्या ग्रुपवर लिहून ठेवावा, लिंकच्या खालीच.

फोटो टाकणाऱ्याच्या जागेत मोजले जात असल्यामुळे दुसरीही अडचण येते. गूगलच्या फुकट खात्यात १५ जीबी मिळतात आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो असे तिघेही राहतात. चारशे फोटो दीड-एक जीबीत मावतात, पण मंगलाष्टकांचा सबंध व्हिडिओ फोरकेमध्ये काढला तर तो एकटाच त्याहून मोठा भरतो. जागा संपली की फोटो चढायचे थांबतात आणि ईमेलही येईनासा होतो. एखाद्या काकांचे फोटो का येत नाहीत हे कळत नसेल, तर आधी त्यांच्या खात्याची जागा बघावी. लांब व्हिडिओ फोटोग्राफरवर सोपवून नातेवाइकांनी छोट्या चित्रफिती टाकल्या तर बरं पडतं.

लिंकबद्दलही एक सांगायला हवं. तिला कुलूप नसतं. ज्याच्या हातात ती पडेल त्याला सगळं दिसतं. आमच्या अल्बममध्ये आंघोळ घालतानाची लहान मुलं होती, दागिने होते, घराची दारं होती. महिनाभराने सगळ्यांचे फोटो येऊन गेल्यावर आम्ही आधी `Collaborate` आणि मग लिंक बंद केली. तोवर जे अल्बममध्ये सामील झाले होते, त्यांना तो दिसत राहिला.

पण बंद करण्याआधी एक काम केलं. मला वाटतं हेच सगळ्यांत महत्त्वाचं आणि हेच सगळ्यांत जास्त राहून जातं. संगणकावर अल्बम उघडून तीन टिंबांतून `Download all` घेतलं. कोणीही टाकलेला असो, अल्बममधला प्रत्येक फोटो त्यातून झिप फाइलमध्ये उतरतो. अल्बम मोठा असेल तर एकाच्या ऐवजी अनेक झिप येतात. सगळ्या उतरल्या की उघडून अल्बममधला आकडा आणि फोल्डरमधला आकडा जुळतो का ते बघावं. आमचे ११ फोटो कमी भरले, पुन्हा उतरवले तेव्हा जुळले. ही प्रत कोणाच्याही खात्याशी बांधलेली नाही, उद्या आतेभावाने अख्खं खातं बंद केलं तरी तिला काही होत नाही.

त्या फोल्डरच्या दोन हार्ड डिस्क केल्या. एक बहिणीच्या कपाटात आहे, दुसरी भाचीच्या सासरी. दोन्हींत १२ वाजून १७ मिनिटांना लागोपाठ दोन फोटो येतात, माझ्या फोनमधली आमची मुलगी आणि तिच्यानंतर लगेच, त्याच्या आत्याने टिपलेला तो, अंतरपाटावरून डोकवायचा मोह आवरत उभा असलेला.