‘± २’ म्हणजे नक्की काय?

रक्तदाबाच्या औषधाची चाचणी समजा. औषधगटात ६४ रुग्ण, सरासरी घट १२, पुढे नुसतं ‘± २’. अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करणारा संशोधक इथे अडतो. २ हे प्रमाण विचलन, की सरासरीची प्रमाण त्रुटी? त्रुटी असेल तर ६४ च्या वर्गमुळाने, म्हणजे ८ ने गुणून विचलन १६ निघतं. माणसागणिक रक्तदाब इतका बदलतो की १६ च पटतं. पण २ धरलं, तर या चाचणीचं वजन ६४ पटींपर्यंत फुगतं.

म्हणून पत्रव्यवहारासाठी नाव दिलेल्या लेखकाला पत्र जातं. त्यात ‘सगळा डेटा पाठवा’ नको. हा एकच प्रश्न आणि रुग्णसंख्या, सरासरी, विचलन भरायला छोटा तक्ता. उत्तर नाहीच आलं, तर दोन्ही अर्थांनी गणित करून तसं अहवालात नोंदवतात.