मटणाची दुसरी उकळी

रविवारचं मटण सोमवारी जास्त चांगलं लागतं, यावर बहुतेक घरांत एकमत असतं. मसाला रात्रभर मुरतो, हाडांतला चिकटपणा रश्शात उतरतो आणि भाकरीबरोबर त्याची चव वेगळीच येते. पण त्याच घरांत एक धास्तीही असते: मटण एकदा गरम केलं तर चालतं, पुन्हा गरम केलं की ते ‘विषारी’ होतं. काही जण त्याहून पुढे जाऊन सांगतात, की कोंबडीतली प्रथिनं दुसऱ्यांदा तापवली की अपायकारक बनतात. हे खरं नाही. प्रथिनं पहिल्या शिजण्यातच घट्ट होतात. पुन्हा तापवल्यावर ती आणखी आवळतात, मांस चिवट होतं, पण त्यातून विष तयार होत नाही.

मग धोका कुठे आहे? दोन गरम करण्यांच्या मधल्या वेळात. रस्सा किती तास कोमट राहिला, यावर सगळं ठरतं.

ब्रिटनच्या अन्नसुरक्षा खात्याचा सल्ला आहे की शिळं अन्न एकदाच गरम करावं. अमेरिकेचं कृषी खातं म्हणतं, नीट थंड करून फ्रिजमध्ये ठेवलेलं अन्न प्रत्येक वेळी आतपर्यंत सुमारे ७४ अंश सेल्सिअसला पोचत असेल, तर ते एकाहून अधिक वेळा गरम केलेलं चालतं. दोन्ही सल्ले एकमेकांविरुद्ध वाटतात, पण दोघांना भीती एकाच गोष्टीची आहे. ब्रिटिश सल्ला हे गृहीत धरतो की घरात ते थंड करणं दर वेळी नीट होणार नाही. आपल्याकडचा उन्हाळा आणि आपली मोठाली पातेली पाहता मला हा सावध सल्लाच जवळचा वाटतो.

आता एक नेहमीचा रविवार घेऊ. मे महिना, घरात पाहुणे, दोन किलो मटणाचा रस्सा मोठ्या टोपात. बाराला गॅस बंद झाला, दीडला पंगत उठली. अर्धा टोप उरला आणि तो झाकण ठेवून तसाच ओट्यावर राहिला. संध्याकाळी आठला गॅस लावला, कडेला बुडबुडे आले, जेवणं झाली. उरलेला टोप पुन्हा ओट्यावर, आणि सकाळी न्याहारीला त्यातलंच थोडं कोमट करून भाकरीबरोबर.

या टोपात एक जिवाणू असण्याची दाट शक्यता असते. त्याचं नाव क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स. तो मातीत असतो, जनावरांच्या आतड्यांत असतो, त्यामुळे कच्च्या मांसावर आणि मसाल्यांवरही सापडतो. संकट आलं की तो स्वतःभोवती टणक कवच करून बीजाणू होऊन बसतो. मटण शिजताना साधे जिवाणू मरतात, बीजाणू उकळीतूनही वाचतात. उलट त्या तापण्याने ते जागे होतात आणि रस्सा निवू लागला की वाढायला लागतात. शिजताना रश्शातला प्राणवायू निघून गेलेला असतो आणि या जिवाणूला तो नकोच असतो. वर तर्रीचा जाड थर असला तर बाहेरची हवा आत कमी शिरते आणि आतली उष्णताही लवकर बाहेर पडत नाही. एरवी ज्या तर्रीवरून रश्शाची पारख होते, ती इथे जिवाणूच्या सोयीची ठरते.

पन्नास अंशांच्या खाली येताना त्याची वाढ सुरू होते. ४३ ते ४७ अंशांच्या आसपास ती सर्वांत वेगवान असते. अनुकूल परिस्थितीत दर दहा मिनिटांना त्याची संख्या दुप्पट होते. समजा एका ग्रॅममध्ये दहाच जिवाणू जागे झाले आणि तीन तास त्यांना हाच वेग मिळाला. तीन तासांत अठरा दुपटी होतात, म्हणजे दहाचे सव्वीस लाख. पोट बिघडायला ग्रॅममागे साधारण दहा लाख पुरतात. प्रत्यक्षात वेग सगळा वेळ इतका नसतो, पण भरलेला, झाकलेला टोप मे महिन्यातल्या स्वयंपाकघरात दुपारभर याच पट्ट्यात रेंगाळतो.

आठला लावलेल्या गॅसने काय होतं, यावर पुढचं अवलंबून आहे. रस्सा खरोखर खळखळून उकळला, मोठ्या तुकड्यांच्या आतही उष्णता पोचली, तर वाढलेले जिवाणू मरतात. गावाकडे फ्रिज नसताना मटण सकाळ-संध्याकाळ उकळून ठेवायची रीत होती, ती बऱ्याचदा निभावली ती याचमुळे. पण त्या उकळीतून बीजाणू वाचतात आणि रात्रभर दुसरी फेरी चालू होते. सकाळचं ‘जरा कोमट केलेलं’ मटण सर्वांत धोक्याचं, कारण ते तापमान जिवाणू मारायला पुरत नाही. जिवंत जिवाणू पोटात गेले की ते आतड्यात विष सोडतात. सहा ते चोवीस तासांत पोटात मुरडा, जुलाब. उलटी आणि ताप क्वचित. बहुतेकांचा त्रास दिवसभरात ओसरतो. म्हातारी माणसं, लहान मुलं आणि आधीच आजारी असलेल्यांना मात्र तो जड जाऊ शकतो.

दुसरा एक जिवाणू याहून अडचणीचा आहे. स्टॅफिलोकॉकस आपल्या हातांवर, नाकात, जखमांत असतो. शिजलेली कोंबडी हाताने सोडवली, तुकडे हाताने निवडले की तो अन्नात जातो. अन्न कोमट राहिलं तर तो त्याचं विष अन्नातच सोडतो, आणि ते विष उकळूनही नष्ट होत नाही. म्हणूनच ‘राहिलं होतं बाहेर, पण आता चांगलं उकळलंय’ हे उत्तर पुरेसं नाही. वासावरही भरवसा ठेवता येत नाही. आंबूस वास बहुतेकदा दुसऱ्याच जिवाणूंचा असतो. हे दोघे वास न बदलताही भरपूर वाढू शकतात.

म्हणून खरं काम दुपारी दीडलाच करायचं असतं. पंगत उठली की उरलेला रस्सा लगेच पसरट स्टीलच्या डब्यांत काढावा, थर दोन इंचांपेक्षा जास्त नको. परातीत थंड पाणी घेऊन त्यात डबे ठेवावेत, मधूनमधून डाव फिरवावा. वाफ येणं थांबलं की डबे फ्रिजमध्ये. शिजल्यापासून फ्रिजपर्यंत दोन तास, आणि घरात तापमान बत्तीस अंशांच्या वर असेल तर एकच तास, ही मर्यादा धरावी. पंगत लांबणार असेल तर ताटांपुरतं वेगळं काढून बाकीचं आधीच डब्यांत घालावं. गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवलं की फ्रिज बिघडतो या भीतीने आपण टोप रात्रीपर्यंत बाहेर ठेवतो. भरलेला उकळता टोप फ्रिजमध्ये घालू नये हे बरोबर, पण पसरट डब्यातला किंचित गरम रस्सा फ्रिजला झेपतो. असं ठेवलेलं मटण तीन-चार दिवस टिकतं.

डबे छोटे केल्याचा दुसरा फायदा गरम करताना कळतो. सगळा टोप तापवला की सगळाच पुन्हा निवतो, म्हणजे त्या कोमट पट्ट्यातून पुन्हा जातो. एका जेवणापुरता डबा काढला तर बाकीचं मटण थंडच राहतं, आणि ‘दुसऱ्यांदा गरम करायचं का’ हा प्रश्नच उरत नाही. वाढून उरलेलं असेल, आणि घरात गरोदर बाई, तान्हं मूल किंवा वयस्कर कोणी असेल, तर ते मी पुन्हा ठेवणार नाही.

फ्रिजमधला रस्सा हाडांतल्या जिलेटिनमुळे थिजलेला असतो. तो छोट्या कढईत काढून अर्धी वाटी कढत पाणी घालावं, झाकण ठेवून मध्यम आचेवर ठेवावं आणि तळापासून हलवत राहावं. कडेला बुडबुडे आले म्हणजे झालं असं नाही. मधला भाग आणि हाडाजवळचं मांस तेव्हाही थंड असतं. सगळीकडून उकळी फुटल्यावर आणखी दोन-तीन मिनिटं द्यावीत. मग सर्वांत मोठा तुकडा फोडून पाहावा: आतून वाफ यायला हवी. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर तुकड्याच्या मध्यात ७५ अंश. सुकं मटण करपतं म्हणून ते पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून वाफेवर गरम करावं. पांढरा रस्सा किंवा नारळाच्या दुधातली कोंबडी जोरात उकळली की फाटते. ती मंद आचेवर, सतत हलवत तापवावी आणि जाड दूध थोडं मागे ठेवलं असेल तर ते शेवटी घालून चटका द्यावा. फाटलेला रस्सा दिसायला वाईट, पण खायला धोकादायक नसतो. फाटेल या भीतीने कोमट वाढलेला असतो.

मायक्रोवेव्ह काही ठिकाणी कढत आणि काही ठिकाणी थंड ठेवतो. तुकडे गोलाकार मांडावेत, झाकावेत, अर्ध्यात थांबवून हलवावेत आणि शेवटी दोन मिनिटं तसेच राहू द्यावेत, म्हणजे उष्णता आत पसरते.

तळलेल्या तुकड्यांचं वेगळं आहे. तळताना कुरकुरीतपणा येतो तो वरचं पाणी उडून गेल्यामुळे. ठेवल्यावर आतल्या मांसातला ओलावा हळूहळू वरच्या थरात येतो आणि थर मऊ पडतो. गरमागरम तुकडे डब्यात बंद केले की वाफ आतच पाणी होऊन बसते. म्हणून ते जाळीवर अर्धा तास उघडे निवू द्यावेत आणि मगच, खाली कागद घालून, डब्यात व फ्रिजमध्ये. परत तापवताना हा ओलावा बाहेर काढायचा असतो आणि मायक्रोवेव्हमध्ये तो नीट निघत नाही. पुन्हा कढत तेलात सोडले तर वरून करपतात, आतून थंड राहतात, वर तेल पितात.

ओव्हन किंवा एअर फ्रायर असेल तर तो आधी १८० अंशांना तापवून, तुकडे जाळीवर एकमेकांना न चिकटवता मांडून आठ ते बारा मिनिटं. नसेल तर जाड लोखंडी तवा. अगदी थोडं तेल, मंद आच, तंगडीसारखा जाड तुकडा असेल तर पहिली चार-पाच मिनिटं झाकण, मधे एकदा उलटायचा. आत वाफ आली की झाकण काढून आच थोडी वाढवायची आणि सगळ्या बाजू कोरड्या होईपर्यंत फिरवायचा. रवा लावलेल्या सुरमईच्या तुकडीला झाकणाची गरज नाही. ती पातळ असते. दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटांत आतपर्यंत तापते आणि रवा पुन्हा खरपूस होतो. कोलंबीला तेवढाही वेळ जास्त होतो, ती रबरासारखी होते. तळलेली कोलंबी उरेल एवढी करूच नये हे बरं.