दूरचा फोन आधी बोलतो: मोबाईल टॉवरचे वेळेचे गणित

मोबाईल टॉवरपासून १२ किलोमीटरवर असलेला फोन आणि टॉवरच्या पायथ्याशी असलेला फोन एकाच वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलू शकतात, ही गोष्ट आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात दोघांचे संदेश टॉवरवर एकमेकांवर आदळू नयेत यासाठी दूरच्या फोनला आपला संदेश थोडा आधी पाठवावा लागतो. किती आधी, हे त्याला टॉवरवरील बेस स्टेशन सांगते. या व्यवस्थेला ‘टायमिंग अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात.

भारतात साध्या फोनवर आजही वापरात असलेल्या टू-जी, म्हणजेच जीएसएम यंत्रणेत ही व्यवस्था सर्वांत स्पष्ट दिसते. तेथे एका फ्रिक्वेन्सीवरील वेळ आठ स्लॉटमध्ये विभागलेली असते आणि प्रत्येक फोनला त्यातील एक मिळतो. एक स्लॉट सुमारे ५७७ मायक्रोसेकंदांचा असतो. त्यात १४८ बिटांचा संदेश, म्हणजे ‘बर्स्ट’ जातो आणि शेवटी जेमतेम ३० मायक्रोसेकंदांची जागा मोकळी राहते. दोन शेजाऱ्यांमधील कुंपण एवढेच.

आता १२ किलोमीटरवरचा फोन पाहू. रेडिओलहरींना एक किलोमीटर जायला सुमारे ३.३ मायक्रोसेकंद लागतात. फोन आपले घड्याळ बेस स्टेशनकडून येणाऱ्या लहरींवर लावतो. या लहरीच त्याच्यापर्यंत ४० मायक्रोसेकंद उशिरा पोहोचतात आणि त्याचे उत्तर परत जाताना आणखी ४० मायक्रोसेकंद लागतात. एकूण उशीर ८० मायक्रोसेकंदांचा, कुंपण मात्र ३० चे. म्हणजे या फोनच्या बर्स्टचे शेपूट पुढच्या स्लॉटमध्ये सुमारे ५० मायक्रोसेकंद घुसेल. तो स्लॉट टॉवरजवळच्या फोनचा असेल, तर त्याचे सुरुवातीचे आणि या फोनचे शेवटचे असे तेरा-एक बिट एकमेकांत मिसळतील. चूक एकाची असली तरी नुकसान दोघांचे होते.

त्यावरचा उपाय सरळ आहे. जीएसएममध्ये ‘अ‍ॅडव्हान्स’ ० ते ६३ अशा टप्प्यांत मोजतात. एक टप्पा एका बिटाच्या वेळेइतका, म्हणजे ३.६९ मायक्रोसेकंदांचा असून तो सुमारे ५५० मीटर अंतराशी जुळतो. आपल्या फोनला बेस स्टेशन २२ हा आकडा देते. फोन आपला बर्स्ट तेवढा आधी सोडतो आणि तो टॉवरवर नेमका आपल्या जागी येऊन पडतो.

पण फोनने पहिल्यांदा हाक मारली, तेव्हा बेस स्टेशनला त्याचे अंतर कसे कळणार? यासाठी पहिली हाक मुद्दाम आखूड ठेवलेली असते. हा बर्स्ट फक्त ८८ बिटांचा असतो आणि त्यामागे सुमारे २५२ मायक्रोसेकंद मोकळे असतात. ती हाक कितीही उशिरा आली तरी, ठरलेल्या मर्यादेत, शेजारच्या स्लॉटला धक्का लागत नाही. बेस स्टेशन तिचा उशीर मोजते आणि वाहिनी देतानाच ‘अ‍ॅडव्हान्स’चा आकडा कळवते. पुढे संभाषण चालू असताना साधारण दर अर्ध्या सेकंदाला तो तपासला जातो. ताशी १२० किलोमीटर वेगाने टॉवरपासून सरळ दूर जाणाऱ्या गाडीलाही एक टप्पा ओलांडायला सोळा-सतरा सेकंद लागतात, त्यामुळे एवढी तपासणी पुरून उरते.

खरी अडचण ६३ च्या पुढे येते. ६३ टप्पे म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर. जमिनीवर डोंगर आणि इमारतींमुळे बहुधा त्याआधीच सिग्नल क्षीण होतो. समुद्रावर मात्र किनाऱ्यावरील उंच टॉवरच्या लहरींना अडथळाच नसतो. अशा वेळी ४० किलोमीटरवरील बोटीत फोनच्या पडद्यावर सिग्नलच्या कांड्या दिसतात, पण कॉल लागत नाही. टॉवर फोनला ऐकू येतो, पण फोनची पहिली हाकच राखीव मोकळ्या वेळेच्या बाहेर जाते. कांड्या असूनही ठरावीक अंतरानंतर कॉल हटकून लागत नसेल, तर दोष सिग्नलच्या शक्तीपेक्षा वेळेचा असण्याची शक्यता अधिक. यावर काही ठिकाणी एका फोनला लागोपाठचे दोन स्लॉट देऊन पल्ला वाढवतात, पण मग त्या वाहिनीवर बोलू शकणाऱ्यांची संख्या निम्मी होते. किनाऱ्यावर गर्दी कमी असेल तरच हा सौदा परवडतो.

या आकड्यावरून फोनचे अंतर काढता येते, असेही म्हटले जाते. ते खरे आहे, पण बेताने. त्यातून दिशा कळत नाही. टॉवरभोवती ५५० मीटर रुंदीचे कडे तेवढे मिळते. शिवाय टॉवरचा सिग्नल पाच किलोमीटर ऑप्टिकल फायबरमधून दुसऱ्या अँटेनापर्यंत नेला असेल, तर फायबरमध्ये प्रकाश मंदावत असल्याने जाण्यायेण्यात सुमारे ५० मायक्रोसेकंदांची भर पडते. अँटेनाखाली उभा असलेला फोनही मग साडेसात किलोमीटर दूर भासतो.

फोर-जीमध्ये हेच काम बरेच बारकाईने होते. तेथे एक टप्पा सुमारे ७८ मीटरचा असून मर्यादा १०० किलोमीटरपर्यंत जाते.