अरबी मथळ्यात सैनिकाने मारलं की सैनिक मारला गेला? तीन अक्षरांचा पेच

समजा, एका अरबी बातमीचा स्क्रीनशॉट तुमच्या ग्रुपवर आला. मथळ्यात तीनच शब्द आहेत. पहिला शब्द क-त-ल, दुसरा ‘अल-जुंदी’ म्हणजे सैनिक आणि तिसरा ‘अश्-शाब्ब’ म्हणजे तरुण. एकाने भाषांतर केलं, ‘सैनिकाने तरुणाला ठार मारलं.’ दुसऱ्याने केलं, ‘तरुण सैनिक मारला गेला.’ व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही बरोबर आहेत, पण एका वाचनात सैनिक मारणारा आहे, तर दुसऱ्यात मरणारा.

असं का होतं? अरबी लिपीत व्यंजनं आणि दीर्घ स्वर लिहिले जातात. ऱ्हस्व अ, इ, उ दाखवायला अक्षरांच्या वर-खाली बारीक खुणा असतात, पण वर्तमानपत्रं आणि वेबसाइट त्या सहसा देत नाहीत. वाचणारा त्या मनातच भरतो. (उर्दूतही ‘इस’ आणि ‘उस’ एकसारखेच लिहितात, ते याच कारणाने.)

मराठीत ‘मारलं’चं ‘मारला गेला’ करायला जास्तीचा शब्द लागतो. अरबीत फक्त स्वर बदलतात. ‘कतल’, तिन्ही अक्षरं पूर्ण उच्चारून, म्हणजे ‘त्याने ठार मारलं’. पहिल्या अक्षराला उ आणि दुसऱ्याला इ लावला की होतं ‘कुतिल’, म्हणजे ‘मारला गेला’. वर्तमानकाळात ‘यक्तुलु’ म्हणजे मारतो आणि ‘युक्तलु’ म्हणजे मारला जातो. कागदावर मात्र दोन्ही जोड्यांचं स्पेलिंग तेच. भरीस भर म्हणजे ‘कत्ल’ हे नामही, ज्यावरून आपल्याकडे ‘कत्तल’ आला, याच तीन अक्षरांत लिहितात.

मग अरबी माणूस रोज वाचतो कसा? तो आधी मारला गेलेला माणूस वाक्यात कुठे आहे ते शोधतो. अरबीत साधारणपणे क्रियापद आधी येतं, मग कर्ता, मग कर्म. क-त-ल नंतर एकच माणूस आला आणि पुढे लगेच ‘सीमेवर’ किंवा ‘काल रात्री’ असं काही आलं, तर कर्म उरतच नाही. म्हणजे तोच माणूस मेलेला, आणि वाचायचं ‘कुतिल’.

दुसरी खूण डोळ्यांना दिसते. ‘एक माणूस’ म्हणजे रजुल. तो कर्म असेल तर शब्दाच्या शेवटी अलिफ हे उभं अक्षर जोडतात. अलिफ असेल तर ‘त्याने एका माणसाला मारलं’, नसेल तर बहुधा ‘एक माणूस मारला गेला’. स्त्रीच्या बाबतीत क्रियापदाकडे पाहायचं. ‘एक स्त्री मारली गेली’ म्हणताना क्रियापदाला शेवटी त जोडून क-त-ल-त होतं. ‘त्याने एका स्त्रीला मारलं’ यात तो त नसतो.

आपल्या मथळ्यात यातलं काहीच मदतीला येत नाही. ‘अल’ लागलेल्या शब्दाला कर्म असतानाही ते अलिफ लागत नाही. शिवाय अरबीत विशेषण नामानंतर येतं आणि नामाला ‘अल’ असेल तर विशेषणालाही लागतं. (‘अश्’ हे त्याच ‘अल’चं उच्चारात बदललेलं रूप.) त्यामुळे ‘अश्-शाब्ब’ हे सैनिकाचं विशेषण आहे की वेगळा तरुण, हे तीन शब्दांतून ठरवता येत नाही. बातमीची पहिली ओळच वाचावी लागते.

संपादकांना हा घोटाळा चांगला ठाऊक असतो. म्हणून बाकी कुठेही खूण न देणारी वर्तमानपत्रंही या शब्दाच्या पहिल्या अक्षरावर अनेकदा उकाराची छोटी खूण देतात. ती दिसली की वाद मिटला. किंवा ते क्रियापदच टाळून ‘मकतल’ म्हणजे ‘मृत्यू, ठार होणं’ हे नाम वापरतात. तिथे आधी एक म अक्षर असतं, त्यामुळे गोंधळ होत नाही.

हा पेच फक्त बातम्यांपुरता नाही. कुराणाच्या जुन्या प्रतींत स्वरखुणा नव्हत्या आणि मधला दीर्घ आ सुद्धा अनेकदा लिहिला जात नसे. तिसऱ्या सूरेच्या 146 व्या आयतीत हीच तीन अक्षरं आहेत. भारतात प्रचलित असलेल्या हफ्सच्या पाठात ती ‘कातल’ म्हणजे ‘लढले’ अशी वाचतात. उत्तर आफ्रिकेत चालणाऱ्या वर्शच्या पाठात तिथे ‘कुतिल’ आहे, म्हणजे ‘मारले गेले’. परंपरेला दोन्ही पाठ मान्य आहेत.

आणखी एक गोष्ट. अरबी व्याकरणात या प्रयोगाला ‘मजहूल’ म्हणजे ‘अज्ञात’ म्हणतात, कारण करणारा सांगितलेलाच नसतो. आधुनिक बातम्यांत ‘मिन किबल’ म्हणजे ‘-कडून’ जोडून करणाऱ्याचं नाव देतात, पण जुन्या जाणकारांना ते खटकतं. तेव्हा मथळा ‘कुतिल’ असेल आणि भाषांतरात मारणाऱ्याचं नाव असेल, तर ते नाव मूळ अरबीत कुठे आहे, हे भाषांतर करणाऱ्याला विचारा.